गंजी जळाली, पैसे कोणाचे गेले?

गेल्या वेळी लिहिलं होतं की ठाणे जिल्ह्यातल्या गवताच्या व्यापाराबद्दल वाचताना मी अचानक करार कायद्यात जाऊन अडकले. ते कसं, असं दोघातिघांनी विचारलं. त्याचं उत्तर आज देते. उत्तराची सुरुवात मात्र ग्रंथालयात नाही, मामाच्या रानात होते.

माझं आजोळ मुरबाड तालुक्यातलं. भाताची खाचरं थोडी, वरकस जमीन जास्त. वरकसावर पावसाळ्यात गवत वाढतं, दसरा-दिवाळीच्या सुमारास ते कापतात, वाळवतात आणि गंजी रचून ठेवतात. मग वखारवाला येतो, गंजीला फेरी मारतो, आत हात घालून गवत ओढून बघतो आणि भाव ठरतो. वखारीत त्याच्या गाठी बांधल्या जातात आणि त्या मुंबईकडच्या तबेल्यांना जातात. शहापूर, मुरबाड, वाडा, भिवंडी या पट्ट्यात ज्यांचं गाव आहे त्यांना हे सांगायला नको.

मी सातवीत होते तेव्हा मामाची एक गंजी जळाली. सौदा झालेला होता. दर क्विंटलला २०० रुपये, गंजी साधारण ४० क्विंटलची, पूर्ण गंजी उचलायची, आणि विसार म्हणून १,००० रुपये मामाच्या हातात आलेले. मजूर वखारवाल्याचे, टेम्पो त्याचा, वजन रस्त्यावरच्या त्याच्याच काट्यावर व्हायचं आणि गाठीही तिथेच बांधायच्या. संक्रांतीपर्यंत सगळं उचलतो असं तो म्हणाला होता. दोन खेपांत १२ क्विंटल गेलं. मग टेम्पो दुसरीकडे लागला, आज येतो उद्या येतो करत शिमगा आला आणि डोंगराकडून वणवा उतरला. उरलेलं अंदाजे २८ क्विंटल गवत तासाभरात संपलं. म्हणजे ५,६०० रुपये.

वखारवाला म्हणाला, "माझ्या काट्यावर आलं तेवढं माझं. बाकी तुमच्या रानात होतं, तुमचं गेलं." मामालाही ते मनातून पटलं होतं. माल आपल्या बांधावर उभा होता, आपणच राखत होतो, मग जळाला तर आपलाच. शेवटी गावातल्या चार जाणत्यांनी बसून निम्मं-निम्मं केलं. २,८०० रुपये मामाचे बुडाले, २,८०० वखारवाल्याने सोसले. मामाने ते देवाची कृपा म्हणून घेतले.

संशोधनासाठी जुने कायदे वाचायला लागले तेव्हा कळलं की अगदी हाच वाद, गवताच्याच गंजीवरून, लंडनमध्ये जवळपास दोनशे वर्षांपूर्वी कोर्टात गेला होता. आणि तिथे जो निकाल लागला तो आपल्या कायद्यात आजही बसलेला आहे.

लंडनची गंजी

खटल्याचं नाव टार्लिंग विरुद्ध बॅक्स्टर. निकाल १८२७ चा. लंडनच्या इस्लिंग्टन भागात कॅननबरी म्हणून जागा आहे, तिथल्या शेतात गवताची गंजी उभी होती. ४ जानेवारीला सौदा ठरला. किंमत १४५ पौंड, सगळ्या गंजीची मिळून. पैसे ४ फेब्रुवारीला द्यायचे. गंजी १ मेपर्यंत विकणाऱ्याच्याच जागेवर राहू द्यायची. आणि एक अट अशी की पैसे मिळेपर्यंत घेणाऱ्याने गवत कापून न्यायचं नाही.

२० जानेवारीला गंजीला आग लागली आणि ती जळून गेली. पैसे अजून द्यायचे होते, माल हललेला नव्हता, घेणाऱ्याला हातही लावायची मुभा नव्हती. तुम्हीच सांगा, नुकसान कोणाचं? आपल्या गावात विचारलं तर दहातले नऊ जण म्हणतील, विकणाऱ्याचं.

कोर्ट म्हणालं, घेणाऱ्याचं. न्यायाधीशांचं म्हणणं साधं होतं. सौदा एका ठरावीक, डोळ्यांसमोर उभ्या असलेल्या गंजीचा होता. किंमत ठरली होती. विकणाऱ्याने त्या गंजीवर आणखी काही करायचं बाकी नव्हतं. अशा वेळी सौदा पक्का होताच मालकी बदलते. पैसे नंतर द्यायचे आणि माल नंतर उचलायचा, ही फक्त सोय झाली. त्याने मालकी थांबत नाही. आणि वस्तू ज्याची, तिचं नुकसानही त्याचं.

इथे तीन गोष्टी वेगळ्या करून बघाव्या लागतात. एक, माल कोणाच्या ताब्यात आहे. दोन, पैसे दिलेत की नाही. तीन, मालक कोण. गावात आपण पहिल्या दोन गोष्टी बघून नुकसान ठरवतो. कायदा तिसरी बघतो.

गंजीची मोळी कशी झाली

आता हा निकाल ठाणे जिल्ह्यापर्यंत कसा आला ते बघू. १८७२ साली भारतीय करार कायदा आला. आज आपण त्यात करार, हमी, एजन्सी वगैरे वाचतो, पण तेव्हा त्यात मालविक्रीचंही एक पूर्ण प्रकरण होतं, सातवं. कायदा करणाऱ्यांची पद्धत अशी की नियम सांगायचा आणि खाली उदाहरण द्यायचं, म्हणजे मुलकी अंमलदारापासून वकिलापर्यंत कोणालाही इंग्लंडचे खटले न वाचता समजावं.

कलम ८६ म्हणत होतं की माल घेणाऱ्याच्या मालकीचा झाला की त्याच्या नाशाचं नुकसान त्यानेच सोसायचं. खालच्या उदाहरणात 'अ'च्या आवारात जळाऊ लाकडांचा ढीग आहे. 'ब' त्याचे १०० रुपये देऊ करतो, 'अ' मान्य करतो. ठरलेल्या दिवसापर्यंत लाकडं तिथेच राहणार आणि पैसे दिल्याशिवाय न्यायची नाहीत. पैसे द्यायच्या आधीच अपघाताने आग लागून लाकडं जळतात. नुकसान 'ब'चं.

ओळखलंत ना? ही कॅननबरीची गंजीच आहे. पौंडांचे रुपये झाले आणि गवताची लाकडं झाली, बाकी सगळं तसंच. मला गंमत अशी वाटते की ते गवत तसंच ठेवलं असतं तर निदान आमच्याकडे ते जास्त कळलं असतं. १८५५ मध्ये रेल्वे वाशिंदपर्यंत आलेली होती. १८७४ मध्ये मुंबईत ट्राम सुरू झाली तीही घोड्यांची, आणि घोड्याला रोज चारा लागतोच.

पण १८७२ च्या कायद्यात आपल्या विसाराचीही दखल होती. कलम ७८ प्रमाणे नुसत्या 'देतो-घेतो'ने विक्री पुरी होत नसे. सोबत पैसे, किंवा मालाचा ताबा, किंवा थोडे पैसे, थोडा माल, विसार, यांतलं काहीतरी लागे. नाहीतर पैसे किंवा ताबा नंतर द्यायचा असं दोघांत ठरलेलं लागे. म्हणजे हातावर ठेवलेला रुपया हा नुसता विश्वासाचा भाग नव्हता. ठरावीक मालाच्या सौद्यात मालकी त्याच्यासोबत सरकू शकत होती, आणि मालकीसोबत जोखीमही.

१९३० मध्ये सातवं प्रकरण काढून टाकलं गेलं आणि स्वतंत्र माल विक्री कायदा आला. तो १ जुलै १९३० पासून लागू झाला आणि आजही तोच आहे. त्याचा साचा इंग्लंडच्या १८९३ च्या कायद्याचा. उदाहरणं गेली, विसाराची गरज गेली. आता मालकी कधी बदलायची हे दोघांच्या मनात काय होतं त्यावर ठरतं, आणि ते स्पष्ट नसेल तर कायद्याने काही ठोकताळे दिले आहेत. कलम २६ मात्र जुनंच तत्त्व सांगतं, वेगळं काही ठरलेलं नसेल तर जोखीम मालकीबरोबर जाते.

वाचताना एक गोष्ट नजरेत भरली. 'माल' या शब्दाच्या व्याख्येत या कायद्याने उभी पिकं आणि गवत यांचं नाव घेऊन उल्लेख केला आहे. विक्रीपूर्वी किंवा सौद्याप्रमाणे कापायचं ठरलेलं गवत हे जमिनीला चिकटलेलं असलं तरी मालच. त्यामुळे आमच्या वरकसावरचे सगळे सौदे या कायद्याखाली येतात.

काटा कोणाचा?

इथपर्यंत वाचून वाटेल, मग मामा जिंकलाच. थांबा. कॅननबरीची गंजी उक्ती विकली होती. सगळ्याचे मिळून १४५ पौंड. मामाचा सौदा वजनावर होता, आणि वजन झाल्याशिवाय एकूण किंमत कळणार नव्हती. हा फरक मोठा आहे.

यावरही एक जुना खटला आहे. सिमन्स विरुद्ध स्विफ्ट, १८२६. झाडाच्या सालीचा ढीग टनाच्या भावाने विकला होता. साल कातडी कमावायला लागायची. ढिगातला थोडा भाग वजन करून उचलला गेला, उरलेला पुराच्या पाण्यात खराब झाला. वजन करून देणं विकणाऱ्याकडे होतं आणि ते बाकी होतं, म्हणून उरलेल्या मालाची मालकी गेलीच नव्हती. नुकसान विकणाऱ्याचं.

वखारवाल्याला हा खटला माहीत असता तर तो खूश झाला असता. पण त्यानंतर १८६३ चा टर्ली विरुद्ध बेट्स येतो. तिथे मातीचा पूर्ण ढीग टनाच्या भावाने घेतला होता. पण गाड्या घेणाऱ्याच्या होत्या आणि वजनही त्यानेच वाटेतल्या काट्यावर करायचं होतं. कोर्ट म्हणालं, इथे विकणाऱ्याने करायचं काही उरलेलं नाही. पूर्ण ढीग आधीच घेणाऱ्याचा झाला. वजन फक्त हिशोबासाठी. १८७२ च्या कायद्यात साल आणि माती ही दोन्ही उदाहरणं आली होती.

१९३० च्या कायद्याचं कलम २२ हाच फरक पाळतं. किंमत ठरवण्यासाठी वजन, माप किंवा तपासणी *विकणाऱ्याने* करायची असेल, तर ते काम होऊन घेणाऱ्याला कळेपर्यंत मालकी बदलत नाही. घेणाऱ्याने करायचं असेल तर हे कलम लागतच नाही. कलम २१ असंच काहीसं म्हणतं. माल नेण्याजोगा करण्यासाठी विकणाऱ्याने काही करायचं असेल, उदाहरणार्थ गाठी बांधून द्यायच्या असतील, तर ते होईपर्यंत माल त्याचाच. आणि कलम १८ त्याच्याही आधीची गोष्ट सांगतं. नेमका कुठला माल विकला हेच ठरलेलं नसेल तर मालकी बदलायचा प्रश्नच येत नाही. मोठ्या गंजीतलं 'वीस क्विंटल' विकलं आणि ते वेगळं काढलंच नाही, तर आग लागल्यावर 'तुझंच वीस जळालं' असं म्हणता येत नाही.

आता मामाचा हिशोब

चला, हे एकेक करून मामाच्या गंजीला लावून बघू.

कुठली गंजी हे ठरलेलं होतं का? हो. वखारवाल्याने हात घालून बघितलेली एकच गंजी, आणि ती पूर्ण. गाठी कोणी बांधायच्या? वखारवाल्याने, वखारीत. वजन कोणी करायचं? त्यानेच, त्याच्या काट्यावर. म्हणजे सौदा ठरल्यावर मामाने काहीही करायचं बाकी नव्हतं. हा सालीचा ढीग नाही, मातीचा ढीग आहे. माझ्या वाचनाप्रमाणे मालकी सौद्याच्या दिवशीच गेली होती, जळालेलं २८ क्विंटल वखारवाल्याचं होतं, आणि कलम ५५ प्रमाणे मामा त्याचे पूर्ण पैसे मागू शकत होता. वजन करायला माल उरला नव्हता, पण किंमत अंदाजाने आणि साक्षीने ठरवता आली असती.

समजा वजन मामाने करून द्यायचं होतं. मग उलटं. उरलेलं गवत मामाचं, नुकसान मामाचं. कलम ८ प्रमाणे त्या उरलेल्या मालाचा सौदाच संपतो. नेलेल्या १२ क्विंटलचे २,४०० रुपये मात्र वखारवाल्याने द्यायचेच, विसाराचे १,००० त्यात वळते करून.

पण या उलट्या बाजूलाही मामाकडे एक आधार होता. कलम २६ मध्ये पुढे एक अट आहे. माल उचलायला किंवा द्यायला ज्याच्या चुकीने उशीर झाला, त्या उशिरामुळे झालेल्या नुकसानीची जोखीम त्याच्यावर, मालकी कोणाचीही असो. संक्रांतीपर्यंत उचलतो म्हणालेला माणूस शिमग्यापर्यंत आला नाही. संक्रांतीला रानात अजून ओल असते, शिमग्यापर्यंत सगळं कोळ होऊन वणव्याचे दिवस सुरू झालेले असतात. वेळेत टेम्पो आला असता तर जळायला गंजीच नव्हती. १९४९ मध्ये इंग्लंडात सफरचंदाच्या रसावरून असाच निकाल लागला. घेणाऱ्याने पिंपं उचलायला उशीर केला, रस खराब झाला, नुकसान त्याच्या माथी.

आता मामाच्या विरुद्ध जाणारी बाजूही सांगायला हवी. मालकी गेली तरी माल मामाच्या ताब्यात होता, म्हणजे तो दुसऱ्याची ठेव सांभाळत होता. करार कायद्याच्या कलम १५१ प्रमाणे शहाणा माणूस स्वतःच्या मालाची घेईल तेवढी काळजी त्याने घ्यायला हवी. मामाने गंजीभोवती जाळरेषा काढली होती, पण तीनच बाजूंनी. चौथ्या बाजूचं गवत टेम्पो येईल तेव्हा तुडवलं जाईलच म्हणून तसंच सोडलं होतं. आग कुठून आली याची चर्चा तेव्हा कोणी केली नाही. कोर्टात ती नक्की झाली असती, आणि आग त्याच बाजूने आली असं निघालं असतं तर मामाची बाजू कमजोर झाली असती.

मग गावाने चूक केली का?

मला आधी तसंच वाटलं होतं. कायदा मामाच्या बाजूने आणि गावाने त्याचे २,८०० घालवले. पण कायद्याचं शेवटाकडचं कलम ६२ वाचल्यावर मी जरा नरमले. ते म्हणतं की कायद्याने गृहीत धरलेली कुठलीही जबाबदारी दोघांनी स्पष्ट ठरवून, किंवा त्यांच्या आपसातल्या नेहमीच्या व्यवहाराने, किंवा दोघांना बांधील असलेल्या व्यापाराच्या रूढीने बदलता येते. आमच्या भागात 'जळालं तर निम्मं-निम्मं' ही खरोखरच सगळे पाळत असलेली रूढी असेल, तर तो निवाडा कायद्याबाहेरचा नाही.

अडचण रूढी सिद्ध करण्यात आहे. रूढी म्हणजे एका वर्षी चार जाणत्यांना सुचलेली तडजोड नव्हे. सौदा करताना दोघांच्याही मनात ती गृहीत असायला हवी. वखारवाला आधी 'सगळं तुमचं गेलं' म्हणत होता आणि मामाही ते मान्य करत होता. म्हणजे त्या दोघांच्या मनातली रूढी, असलीच तर, वेगळीच होती. निम्मं-निम्मं हे भांडण मिटवायला काढलेलं होतं. आणि गावाच्या दृष्टीने त्याला अर्थ होता. पुढच्या वर्षी गवत त्याच वखारवाल्याला द्यायचं होतं आणि ५,६०० रुपयांसाठी मुरबाडच्या कोर्टात फेऱ्या मारणं कोणाला परवडणार नव्हतं.

म्हणून माझ्या संशोधनात मी आता लोकांना 'नुकसान कोणाचं' असं विचारत नाही. त्याचं उत्तर नेहमी 'ज्याच्या रानात त्याचं' असंच येतं. मी विचारते, काटा कोणाचा होता, गाठी कोणी बांधल्या, गंजी उक्ती दिली की वजनावर, आणि उचलायची तारीख ठरली होती का. या चार उत्तरांतून मालकी कुठे होती ते बहुतेक वेळा कळतं, सांगणाऱ्याला त्या प्रश्नांचं महत्त्व माहीत नसलं तरी.

दिवाळीत मामाला हे सगळं समजावून सांगितलं. त्याने शांतपणे ऐकलं आणि विचारलं, "म्हणजे विसाराच्या चिठ्ठीवर काय लिहायचं?" मी म्हटलं, गंजी कुठली, पूर्ण की थोडी, वजन कोण करणार, आणि अमुक तारखेनंतर जळालं-भिजलं तर घेणाऱ्याचं. चार ओळी.

"वखारवाला सही करेल?" मामाने विचारलं.

त्याचं उत्तर कुठल्याही कलमात नाही. पण यंदा मामाने उचलायची तारीख तरी चिठ्ठीवर लिहून घेतली आहे, आणि चौथ्या बाजूची जाळरेषाही काढली आहे.